ठिपक्याला स्पर्श आणि नारिंगी दोरी

आमच्या उर्दू शाळेतल्या अकरा मुलामुलींची नावे यंदा एअर रायफल नेमबाजीच्या ट्रायल कॅम्पला गेली. आठवी ते दहावीची मुले. कॅम्प तीन दिवसांचा होता आणि शेवटी त्यातून चौघांना नियमित सरावासाठी घेणार होते. शिकवणारे प्रशिक्षक मराठीत बोलत, नियम इंग्रजीत छापलेले आणि आमची काही मुले अजून उर्दूत विचार करणारी. म्हणून मुख्याध्यापकांनी आम्हाला सोबत पाठवले. रायफल कशी धरायची हे प्रशिक्षकांनी शिकवायचे, आणि गुण कसे मोजतात, रेंजवर कसे वागायचे हे मुलांच्या भाषेत समजावून द्यायचे काम आमचे. तीन दिवसांत जे समजावले आणि त्यातून जे घडले, ते घराघरांतल्या अम्मी-अब्बांनाही ठाऊक असावे असे वाटते. मुले घरी येऊन सांगतात ते बहुधा अर्धेच असते.

सुरुवात कार्डापासून केली. १० मीटर एअर रायफलचे कार्ड हातात घेतले की मुले आधी हसतात. मध्ये एक काळे वर्तुळ, जेमतेम ३ सेंटिमीटर रुंदीचे, आणि त्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका. हा ठिपका म्हणजे ‘दहा’. त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. सुईने टोचल्यासारखा. दहा मीटर म्हणजे आमच्या शाळेच्या वर्गाच्या लांबीपेक्षाही जास्त अंतर. तिथून हा ठिपका दिसतच नाही, दिसते ते फक्त काळे वर्तुळ. आठवीतल्या एका मुलीने लगेच विचारले, "सर, दिसतच नाही तर त्यावर मारायचं कसं?"

याचे उत्तर छर्‍यात आहे. छरा साडेचार मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. नियम असा की छर्‍याची कड ज्या रेषेला शिवेल त्या रेषेच्या आतला, म्हणजे मोठा गुण मिळतो. दहा मिळवायला छरा ठिपक्याच्या बरोबर मध्ये बसावा लागत नाही. त्याची कड ठिपक्याला नुसती लागली तरी दहाच. आम्ही फळ्यावर मोठी आकृती काढली. छर्‍याच्या मध्यापासून कडेपर्यंत सव्वादोन मिलिमीटर, ठिपक्याच्या मध्यापासून कडेपर्यंत पाव मिलिमीटर. दोन्ही मिळून अडीच. म्हणजे छर्‍याचा मध्य कार्डाच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की दहा. त्यापुढे प्रत्येक अडीच मिलिमीटरला एक गुण कमी होतो. पाच मिलिमीटरपर्यंत नऊ, साडेसातपर्यंत आठ, दहा मिलिमीटरपर्यंत सात. गणिताच्या तासाला कंटाळणारी मुलेही हे चटकन शिकली, कारण प्रत्येकाला स्वतःच्या कार्डावरचे भोक मोजायचे होते.

इथे पहिले भांडण झाले. एका मुलाचे भोक दहाच्या ठिपक्याजवळ होते. तो म्हणे दहा, शेजारचा म्हणे नऊ. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर दोघेही खरे वाटत. रायफलच्या छर्‍याचे डोके चपटे असते, म्हणून कागदात गोल भोक पडते. तरी कागदाचे तंतू छरा गेल्यावर थोडे मागे येतात. त्यामुळे भोक छर्‍यापेक्षा लहान दिसते आणि कड नेमकी कुठपर्यंत गेली होती ते कळत नाही. अशा वेळी गेज वापरतात. ही एक लहानशी दांडी असते. तिला नेमक्या मापाची गोल कड असते. दांडी भोकात सरळ घालायची आणि भिंगातून पाहायचे की ती कड रेषेच्या कोणत्या बाजूला पडते. गेज भोकात एकदाच घालतात. पुन्हा पुन्हा घातले तर भोक मोठे होते आणि गुण फुकट वाढतो. म्हणून हे काम पंच करतात, खेळाडू कार्डाला हातही लावत नाही. प्रशिक्षकांनी गेज घातले, भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "नऊ." मुलगा खट्टू झाला, पण त्यानंतर तीन दिवसांत कोणी गुणांवरून भांडले नाही.

मुलांचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. टीव्हीवर १०.४, १०.७ असे गुण दिसतात, ते कुठून येतात? मोठ्या स्पर्धांत आता कागद नसतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेट छर्‍याची जागा स्वतः मोजते आणि प्रत्येक अडीच मिलिमीटरचे दहा भाग करते. एक भाग पाव मिलिमीटरचा. छर्‍याचा मध्य कार्डाच्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत असेल तर १०.९, आणि याहून मोठा गुण नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या आत १०.८. असे उतरत अडीच मिलिमीटरवर १०.०, आणि त्याच्या पुढे ९.९.

फळ्यावर दोन काल्पनिक खेळाडू मांडले. पहिल्याने दहा गोळ्या मारल्या आणि दहाही १०.० ला पडल्या. दुसर्‍याच्या दहाही ९.९ ला. दोघांच्या प्रत्येक गोळीत फरक पाव मिलिमीटरचा, म्हणजे दोन-तीन कागदांच्या जाडीएवढा. आता कागदी कार्डावर पूर्ण गुण मोजा. पहिल्याचे १००, दुसर्‍याचे ९०. दशांशात मोजा. पहिल्याचे १००.०, दुसर्‍याचे ९९.०. खेळाडू तेच, गोळ्या त्याच, पण एका हिशेबात दहा गुणांचा फरक आणि दुसर्‍यात एकाचा. मुले बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे कागदावर रेषेचा मान जास्त, मशीनवर अंतराचा." आम्हाला यापेक्षा चांगले सांगता आले नसते.

याचे खरे उदाहरणही त्यांना सांगितले. २००८ साली बीजिंग ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत शेवटची गोळी उरली तेव्हा अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हाक्किनेन यांचे गुण बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ मारला, हाक्किनेनने ९.७. मिलिमीटरमध्ये बोलायचे तर बिंद्राचा छरा मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत, हाक्किनेनचा तीन मिलिमीटरच्या किंचित पलीकडे. तेवढ्यात एकाला सुवर्ण मिळाले आणि दुसरा कांस्यावर आला.

दुसर्‍या दिवशी मुलांनी टेकूवर रायफल ठेवून पाच-पाच गोळ्या मारल्या. नवख्यांच्या हातांना रायफलचे वजन पेलत नाही, म्हणून आधी टेकू देतात. दोन कार्डे शेजारी ठेवून प्रशिक्षकांनी विचारले, यातले कोणते चांगले? पहिल्यावर १०, ९, ८, ६, ५ अशी बेरीज ३८. दुसर्‍यावर ८, ७, ७, ७, ६ म्हणजे ३५. सगळ्या मुलांनी पहिल्या कार्डाकडे बोट केले. प्रशिक्षकांनी दुसरे उचलले.

कारण असे. पहिल्या कार्डावर गोळ्या चहूकडे विखुरलेल्या होत्या. एक वर, एक खाली, एक उजवीकडे. दहाला लागलेली गोळी नशिबाने तिथे गेली होती. दुसर्‍या कार्डावरच्या पाचही गोळ्या खाली डावीकडे एकत्र होत्या, शर्टाच्या एका बटणाखाली झाकतील इतक्या जवळ. बटण साधारण १२ मिलिमीटरचे. तो सगळा पुंजका मध्यापासून ९ मिलिमीटर बाजूला गेला होता, म्हणून गुण कमी. पण हात एकाच जागी मारत होता, म्हणजे दोष रायफलच्या मागच्या साईटचा होता. साईट सरकवून पुंजका मध्यावर आणला की त्याच पाच गोळ्यांतली एकही नऊच्या खाली जात नाही. हिशेब मुलांनीच केला. बटणाच्या आत बसणार्‍या छर्‍यांचे मध्य बटणाच्या मध्यापासून पावणेचार मिलिमीटरपेक्षा दूर असू शकत नाहीत, आणि नऊची हद्द पाच मिलिमीटरपर्यंत आहे. म्हणजे ३५ ऐवजी किमान ४५. विखुरलेल्या कार्डाला मात्र साईट सरकवून काही फायदा नाही. एक गोळी मध्यावर आणली की दुसरी लांब जाते. तिथे श्वास, ट्रिगर आणि उभे राहण्याची ढब यांवरच मेहनत करावी लागते.

ते ३५ गुणांचे कार्ड आमच्या नववीतल्या एका मुलाचे होते. सगळ्या अकरांत त्याचा पुंजका सर्वांत घट्ट. तो चौघांत येणार हे त्या दुपारी सगळ्यांना दिसत होते.

आता नियमांकडे येतो, कारण पुढची गोष्ट तिथेच घडली.

रेंजवर चार हुकूम चालतात आणि ते इंग्रजीतच देतात. ‘लोड’ म्हटल्याशिवाय छरा रायफलीत घालायचा नाही. ‘स्टार्ट’ म्हटल्याशिवाय गोळी सोडायची नाही. ‘स्टॉप’ म्हटले की त्याच क्षणी थांबायचे, बोट ट्रिगरवर असले तरी. ‘अनलोड’ म्हटले की रायफल रिकामी करायची. मुले विचारत, ‘स्टॉप’ झाले आणि छरा आत असला तर? तर हात वर करून सांगायचे. पंच येतात, नळी टार्गेटच्या दिशेलाच ठेवून त्यांच्या परवानगीने तो छरा सोडायला लावतात. आपल्या मनाने, "एकच तर आहे, मारून टाकू," असे करायचे नाही. स्पर्धेत अशी उशिरा मारलेली गोळी शून्य धरतात.

मग नारिंगी दोरी. कॅम्पमध्ये प्रत्येक रायफलीबरोबर भडक नारिंगी रंगाची प्लास्टिकची लांब दोरी दिली होती. रायफल वापरात नसेल तेव्हा ती नळीत घातलेली हवी, मागच्या तोंडातून घालून पुढच्या तोंडातून बाहेर डोकावेल इतकी. मुलांना वाटले ही नुसती खूण. पण तिचे काम खुणेपेक्षा मोठे आहे. एअर रायफलमध्ये छरा मागून नळीत ढकलतात आणि तो आतल्या पन्हाळ्यांत घट्ट बसतो. मागचे झाकण उघडे दिसले तरी छरा आत असू शकतो आणि बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. दोरी आरपार गेली तरच खात्री होते की वाटेत छरा नाही. शिवाय दहा पावलांवरून कोणालाही नळीच्या तोंडाशी नारिंगी टोक दिसते. म्हणजे ही खात्री रायफल धरणार्‍याच्या शब्दावर अवलंबून राहत नाही. समोरचा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो.

शेवटचा नियम सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कडक. कोणीही गोळी मारण्याच्या रेषेच्या पुढे गेले असेल तर कोणी रायफलला हात लावायचा नाही. भरलेली असो वा रिकामी, दोरी घातलेली असो वा नसो. हात बाजूला, पाऊल मागे.

तिसर्‍या दिवशी सकाळी निवडीच्या गोळ्या सुरू होत्या. त्या रेंजवर कार्ड दोरी आणि चाकाने पुढे-मागे करतात. एका लेनची दोरी अडकली. ‘स्टॉप’ झाले, ‘अनलोड’ झाले, सगळ्यांनी दोर्‍या घातल्या, पंचांनी एकेक रायफल तपासली आणि मग तिथला मदतनीस दोरी सोडवायला पुढे गेला. तो टार्गेटपाशी वाकलेला असताना आमच्या नववीतल्या मुलाने रायफल खांद्याला लावली. साईट सरकवल्यावर चित्र कसे दिसते ते त्याला पाहायचे होते. ट्रिगरला बोट नव्हते, दोरी नळीत होती, छरा नव्हता. प्रशिक्षकांनी मोठ्याने "खाली!" म्हटले. मुलाने रायफल ठेवली. त्याला रेषेवरून बाजूला बसवण्यात आले आणि निवडीच्या उरलेल्या गोळ्या त्याला मारू दिल्या नाहीत. चौघांत त्याचे नाव आले नाही.

दुपारी त्याचे अब्बा आले. रिक्षा चालवतात, धंदा बुडवून आले होते. त्यांचा राग आम्हाला कळत होता. ते म्हणाले, "सर, बंदूक रिकामी होती, हे तुमचे पंचच सांगतात. दोरी पण होती. मग माझ्या पोराचा गुन्हा काय? ज्याचा निशाणा सगळ्यात चांगला त्यालाच घरी पाठवता?" काही पालकांनाही तसेच वाटत होते. मदतनिसाने स्वतः येऊन सांगितले की आपली काही तक्रार नाही.

आम्ही त्यांच्यासोबत बसलो. आधी त्यांना दोरीचा उपयोग समजावून दिला, मग विचारले, "भाई, तो माणूस टार्गेटपाशी पाठ करून वाकला होता. त्याला दोरी दिसत होती का?" ते म्हणाले, "नाही." "मग त्याने कशावर विसंबायचं?" ते काही बोलले नाहीत. रेंजवर पुढे जाणारा माणूस एकाच गोष्टीवर विसंबून पुढे जातो, ती म्हणजे मागे कोणाच्याही हातात रायफल नाही. रिकामी आहे की नाही हे तपासण्याचे काम दोरीचे. हात न लावण्याचा नियम त्यानंतर येतो, दोरी तपासताना कोणाची चूक झाली असेल तर तिला अडवण्यासाठी. रिकामी असली तर उचललेली चालते अशी सवलत एकदा दिली की दोन कुंपणांचे एकच कुंपण उरते, आणि तेही उचलणार्‍याच्या खात्रीवर.

मग त्यांना ते माहीत असलेलीच एक गोष्ट आठवण करून दिली. हजरत मुहम्मद (स.) यांनी मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणार्‍याला बाणाची टोके हातात धरून चालायला सांगितले, कोणाला चुकून ओरखडाही येऊ नये म्हणून. आपल्या भावाकडे हत्यार रोखण्यालाही मनाई केली, कारण माणसाला ठाऊक नसते, हात कधी घसरेल. या हदीसा बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहेत. बाण घेऊन जाणार्‍याच्या मनात वाईट काही आहे असे तिथे म्हटलेलेच नाही. नियम भल्या माणसासाठीच आहे. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण एवढी मोठी शिक्षा?" आम्ही म्हणालो की शिक्षा मोठी आहे हे खरे, आणि पोराचे दुःखही खरे. पण निवड झालेली चार मुले पुढे आठवड्यातून तीन दिवस एकमेकांच्या शेजारी उभी राहणार. निशाणा सहा महिन्यांत सुधारतो. हात मागे ठेवण्याची सवय पहिल्या दिवशीच लागावी लागते. ते राजी झाले असे म्हणता येणार नाही. पण जाताना त्यांनी प्रशिक्षकांना सलाम केला आणि पुढचा कॅम्प कधी ते विचारून घेतले.

आमच्या बायाबापड्यांच्या दोन शंका होत्या, त्याही इथे लिहून ठेवतो. पहिली, मुलींच्या ओढणीची. ओढणी किंवा हिजाब असायला हरकत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये इराणची इलाहे अहमदी डोके झाकूनच १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत खेळली होती. फक्त सुटे टोक रायफलच्या दस्त्यात किंवा ट्रिगरजवळ येऊ नये, म्हणून आमच्या मुलींनी ते पिनांनी घट्ट बसवले. दुसरी, छर्‍यांची. छरे शिशाचे असतात आणि शिसे पोटात जाणे घातक. छरे तोंडात धरायचे नाहीत, हातांनी हाताळल्यावर डोळे-तोंड पुसायचे नाही आणि डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवायचे. मुलांनी विचारले, जुहरसाठी वुजू करतोच की, वेगळे हात कशाला? त्यांना सांगितले, वुजू पाण्याने होतो, शिशाची पूड निघायला साबण लागतो. साबण आधी, वुजू मग.

निवड झालेल्या चौघांत आमच्या शाळेच्या दोन मुली आहेत. त्यांतली एक तीच, जिने पहिल्या दिवशी ‘दिसत नाही तर मारायचं कसं’ असे विचारले होते. नववीतला मुलगा रविवारी त्यांच्यासोबत रेंजवर जातो, पण अजून रायफल उचलत नाही. प्रशिक्षकांनी त्याला दोर्‍या तपासायचे काम दिले आहे. ‘अनलोड’ झाले की तो लेनमागून लेन जातो, प्रत्येक नळीच्या तोंडाशी नारिंगी टोक आहे का ते पाहतो आणि शेवटच्या लेनला पोहोचल्यावरच हात वर करतो. त्याने हात वर केल्याशिवाय पुढे कोणी पाऊल टाकत नाही.